पाऊस उघडला की कांदाचाळीचे पडदे लगेच वर करावेत का? आमचा नवा शोधनिबंध याच प्रश्नावर आहे

निफाड आणि चांदवड तालुक्यांतल्या सहा कांदाचाळींवर केलेल्या अभ्यासाचा आमचा शोधनिबंध या आठवड्यात प्रसिद्ध झाला. पिकोत्तर तंत्रज्ञानाच्या एका समीक्षित नियतकालिकात तो आला असून सगळ्यांना मोफत वाचता येतो. दुवा सोबत जोडला आहे. विषय ऐकायला अगदी छोटा आहे: पावसाळ्यात चाळीतल्या कांद्याला ओल नेमकी कधी लागते? शेती, साठवणूक किंवा हवामान यांच्याशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी इथे सोप्या भाषेत सांगतो.

आधी हे का महत्त्वाचे. देशातल्या कांदा उत्पादनाचा सुमारे ६५ टक्के वाटा रब्बी हंगामाचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत उन्हाळ कांद्याचा. तो एप्रिल-मेमध्ये निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरीप कांदा बाजारात येईपर्यंत पुरवावा लागतो. ऑगस्टमध्ये मुंबईच्या किंवा दिल्लीच्या भाजीवाल्याकडे दिसणारा कांदा बहुतेक वेळा चाळीतूनच आलेला असतो. मधले महिने म्हणजे नेमका पावसाळा. चाळीत सड लागली की शेतकऱ्याचा माल जातो, लासलगाव-पिंपळगावची आवक घटते आणि शहरात भाव चढतो. या साखळीतला सर्वांत कमी मोजला गेलेला दुवा म्हणजे चाळीच्या आतली हवा.

साठवणुकीत नुकसान तीन वाटांनी होते: वजनातली घट, कोंब आणि सड. आमचा निबंध फक्त सडीबद्दल आहे, आणि सडीतही ओलीमुळे वाढणाऱ्या भागाबद्दल. साठवणुकीसाठी २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली, ही शिफारस जुनी आहे. अडचण अशी की साध्या चाळीत हे आकडे तुमच्या हातात नसतात. हातात असतात ते फक्त बाजूचे पडदे: बारदान, शेडनेट किंवा प्लॅस्टिक. म्हणून आम्ही प्रश्न तेवढाच ठेवला: पडदा कधी पाडायचा, कधी वर करायचा?

सर्वत्र चालणारी रीत अशी की पाऊस आला की पडदे पाडा, उघडला की वर करा. यातला पहिला भाग बरोबर आहे, शिंतोडे आत येता कामा नयेत. चूक दुसऱ्या भागात आहे.

कारण समजायला एकच गोष्ट लागते. मोबाइलवर दिसणारी आर्द्रतेची टक्केवारी हवेत पाणी किती आहे हे सांगत नाही. ती सांगते की त्या तापमानाला हवा जेवढे पाणी धरू शकते, त्याच्या किती टक्के तिच्यात आहे. पाऊस पडत असताना २४ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम पाणी असते. ऊन पडलेल्या दुपारी ३२ अंश आणि ६० टक्के असलेल्या हवेतही जवळपास तेवढेच असते. एकीला आपण ओली म्हणतो, दुसरीला कोरडी, आणि पाण्याचा हिशेब मात्र सारखा निघतो.

कांद्याच्या सालीवर पाणी धरेल की नाही, हे ठरते दवबिंदूवर. हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातले पाणी थेंबांच्या रूपात बाहेर पडते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तो याच कारणाने. रात्रभराच्या पावसात बाहेरच्या थराचा कांदा २४-२५ अंशांपर्यंत निवतो. सकाळी अकराला पाऊस उघडतो, ऊन येते, जमिनीतून वाफ निघते, अंगाला चिकटणारा उकाडा सुरू होतो. त्या वेळी हवा ३१ अंश आणि ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू २७ च्या आसपास असतो. पडदे नेमके याच वेळी वर जातात, आणि ती हवा २५ अंशांच्या कांद्याला लागून पाणी टाकून जाते. पाणी इतके बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. हात घातला तर साल किंचित चिवट, नरम लागते. काजळी, म्हणजे काळ्या बुरशीला, तेवढी ओल पुरते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि वाफ सोडतो. पडदे पाडून ठेवले तर ही वाफ आत कोंडते. रात्री आठला बाहेर २५ अंश आणि ९० टक्के असेल तर ९० हा आकडा बघून कोणीही पडदा वर करणार नाही. पण त्या हवेचा दवबिंदू २३ आहे. ढिगातला कांदा २७ अंशांवर असेल तर ही हवा आत येऊन तापते, तिची पाणी धरण्याची क्षमता वाढते आणि ती ओल घेऊन बाहेर पडते. आमच्या नोंदींत पडदे मिटलेले असलेले असे कामाचे तास रोज सापडत गेले, बहुतेक संध्याकाळनंतरचे.

अभ्यासाची रचना थोडक्यात. प्रत्येक चाळ मधोमध आडपडदा टाकून दोन भागांत विभागली. एका भागात मालकाच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे पडदे, दुसऱ्यात दवबिंदूच्या नियमाप्रमाणे. कांदा एकाच शेतातला, एकाच दिवशी भरलेला, दोन्हीकडे सारखी प्रतवारी. ढिगाच्या वरच्या थरात, मध्यभागी आणि तळाशी सेन्सर, नोंद दर १५ मिनिटांनी, जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. चाळ फोडताना प्रत्येक थराचा कांदा वेगळा निवडून वजन केला. सहाही चाळींत नियमाच्या भागात सड कमी निघाली आणि सर्वाधिक फरक बाहेरच्या थरात दिसला. 'अमुक टक्के नुकसान वाचले' असा आकडा इथे मुद्दाम देत नाही. लेखात तक्ता आहे, प्रत्येक चाळीचा वेगळा. सहा चाळींची सरासरी एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर सुटली की ती अख्ख्या जिल्ह्याची होऊन बसते.

नियम असा आहे:

```
दवबिंदू = तापमान − (१०० − आर्द्रता) ÷ ५
```

तापमान आणि आर्द्रता बाहेरच्या हवेची घ्यायची. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा हे सूत्र साधारण एका अंशाच्या फरकाने बरोबर येते, आणि पावसाळ्यात ती वरच असते. आलेला दवबिंदू कांद्याच्या तापमानापेक्षा किमान २ अंशांनी खाली असेल तर पडदे वर. नाहीतर खाली. दर तीन तासांनी बघायचे. सलग आठ तास पडदे पाडून ठेवावे लागले, तर वाऱ्याच्या आडची बाजू उघडायची, कारण तोपर्यंत आतली कोंडलेली वाफ बाहेरच्या हवेपेक्षा जास्त त्रास देऊ लागते. पाऊस चालू असताना वाऱ्याकडचा पडदा खालीच. तिथे सूत्र लावत बसायचे नाही.

हे करायला एक साधा तापमान-आर्द्रता मापक आणि एक लांब दांड्याचा धातूचा थर्मामीटर पुरतो. चुका होतात त्या बहुतेक इथेच. मापक पत्र्याखाली टांगला तर तो हवेचे नव्हे, पत्र्याचे तापमान सांगतो. तो चाळीबाहेर, सावलीत, छातीच्या उंचीवर हवा. थर्मामीटर ढिगाच्या पोटात खुपसला तर आकडा गरम येतो आणि पडदे चुकीच्या वेळी उघडले जातात. मोजायचा तो सर्वांत गार कांदा, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूचा, तळापासून फूटभर वर, कडेपासून वीतभर आत. स्वस्त मापक ओल खाऊन हळूहळू खोटे बोलू लागतो. महिन्यातून एकदा बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चार-पाच थेंब पाण्याने भिजवा, पातळ करू नका, आणि मापकासोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. पाचपेक्षा जास्त फरक असेल तर तो फरक मापकावर लिहून ठेवा आणि वजा-अधिक करत वापरा.

पत्र्याबद्दल एक वेगळा मुद्दा निघाला, तो आम्ही शोधत नव्हतो. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून खालच्या हवेपेक्षा गार होतो. ढिगातून वर गेलेली वाफ त्याला आतून धरते आणि पहाटे वरच्या थरावर ठिबकते. पाऊस नसलेल्या रात्रीनंतरही वरचा थर ओला सापडतो तो यामुळे. पत्र्याला पांढरा रंग दिल्याने दुपारचा ताप कमी होतो, ठिबकणे थांबत नाही. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर घालण्याची जुनी पद्धत इथे खरेच कामाची आहे. सिमेंटचा पत्रा असलेल्या दोन चाळींत हा प्रकार जवळपास दिसला नाही.

आता मर्यादा, कारण त्या न सांगता असे निष्कर्ष पसरवणे धोक्याचे आहे. हा एकाच हंगामाचा अभ्यास आहे. चाळी सगळ्या तळातून हवा खेळणाऱ्या होत्या: जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, कप्पा चार फूट रुंद, कांद्याचा थर पाच फुटांच्या आत. जमिनीवर टेकलेल्या किंवा आठ फूट भरलेल्या चाळीला हा नियम लावू नका. तिथे हवा पोटापर्यंत पोचतच नाही. शेतात नीट न सुकलेला, माना ओल्या असलेला किंवा काढणीआधी पाणी वेळेवर न तोडलेला कांदा पडद्यांनी वाचत नाही. आणि फुकट काहीच नाही: पडदे जास्त तास उघडे राहिले की वजनातली घट थोडी वाढते. आमच्या सहापैकी एका चाळीत सड कमी होऊनही विक्रीयोग्य वजन दोन्ही भागांत जवळजवळ सारखे भरले. ती चाळ माळावर, उघड्या वाऱ्यात होती.

समीक्षकांनी सर्वांत जास्त हरकत याच चाळीवर घेतली आणि ती वगळून विश्लेषण पुन्हा करायला लावले. दोन्ही निकाल लेखात शेजारी शेजारी छापले आहेत. नोंदींची कच्ची माहितीही खुली ठेवली आहे. सेन्सर, पडदे किंवा चाळी बांधून देणाऱ्या कोणत्याही कंपनीचा पैसा या कामात नाही.

पुढच्या हंगामात हेच मालेगाव, सटाणा आणि येवला भागात करायचे आहे, विशेषतः माळावरच्या चाळींत. तुमची चाळ तळातून हवेशीर असेल, एकाच शेतातला किमान दहा टन उन्हाळ कांदा तुम्ही सप्टेंबरपर्यंत ठेवणार असाल आणि भाव चढला तरी मधेच चाळ फोडणार नसाल, तर इथे संदेश पाठवा. शेवटची अट अवघड आहे, कल्पना आहे. म्हणून ज्यांना मधे विकावे लागेल त्यांनी आधी सांगितले तर त्यांच्या चाळीत आम्ही फक्त तापमान-आर्द्रतेच्या नोंदी घेऊ, सडीची तुलना करणार नाही. कृषी विभाग, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि चाळींचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांनी लेखातला छताचा भाग आवर्जून वाचावा.

#नाशिक #कांदा #कांदाचाळ #साठवणूक #संशोधन