छकुलीची रात्रवही

जन्म १८ डिसेंबर, वजन २ किलो ८०० ग्रॅम. घरी आलो तेव्हा २ किलो ६४०, चौदाव्या दिवशी २ किलो ८६०. धुळे, जानेवारी.

ही वही पाळण्याशेजारच्या स्टुलावर राहील, पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. जो जागा असेल त्याने लिहायचं. दुसऱ्याला उठवून "किती वाजता प्यायली?" असं विचारावं लागू नये, एवढ्यासाठीच ही वही. कोण किती जागलं याची बेरीज इथे कोणी करायची नाही.

रात्रीची वाटणी: ९ ते २ बाबा, २ ते ६ आई, ६ नंतर आजी. बाबांना सबस्टेशनला सकाळी आठची पाळी असते, म्हणून पहिला भाग त्यांचा. बाबांच्या वेळात ती भुकेली झाली, तर एकदा वाटी-चमच्याने काढून ठेवलेलं दूध. त्याच्यापुढे परत मागितलं तर मला उठवायचं. लंगोट, ढेकर, झोपवणं सगळं बाबांकडे, मी फक्त पाजणार आणि परत आडवी होणार. दूध मी आठला काढते. झाकलेली वाटी फ्रीजबाहेर चार तासांपर्यंतच चालते, म्हणजे बारानंतर ते वापरायचं नाही. अर्धवट प्यायलेलं उरलं तर ओतून टाकायचं. कितीही जीवावर आलं तरी.

पाळण्यात सपाट गादी आणि ताणून खोचलेली चादर, बाकी काही नाही. उशी नाही, लोड नाही, गोधडी नाही. उताणीच झोपवायची. थंडी आहे म्हणून झबलं, पायमोजे आणि वर एक दुपटं काखेपर्यंत नीट गुंडाळून, कमरेला सैल. झोपताना टोपी काढायची. मानेला मागून हात लावून बघा: कोमट हवी. घाम असेल तर एक कपडा कमी.

आपण दोघं रोज दोन वेळा एकमेकांना इथेच विचारायचं: खाल्लं का, सलग किती झोप झाली, मन कसं आहे. उत्तर एका शब्दात चालेल. "आज नको" हेही उत्तर आहे.

मंगळवार, ६ जानेवारीची रात्र

९.१०. उजवीकडे १५ मिनिटं, डावीकडे १०. ढेकर आली. (आई)

९.४०. पाळण्यात ठेवली. डोळे उघडे, पण शांत. दिवा बंद केल्यावर दहा मिनिटांत झोपली. (बाबा)

१०.५५. शू. बदलली, परत झोपली.

११.३५. भुकेली. हात तोंडात घालत होती, मान इकडेतिकडे वळवत होती, रडायच्या आधीच कळलं. वाटीतलं दूध ५० मिली. चमचा खालच्या ओठाला टेकवून धरला की स्वतःच ओढते, ओतावं लागत नाही. पंचवीस मिनिटं लागली. दोन ढेकरा. थोडंसं दूध परत आलं, तोंड पुसलं. (बाबा)

१२.३०. शी, पिवळी, दाणेदार. मोठी.

१.१०. रडते. हे भुकेचं वाटत नाही, गुडघे पोटाकडे घेते. खांद्यावर घेऊन फिरलो. माझे डोळे जड झाले. सोफ्यावर तिला घेऊन बसायचं नाही हे ठरलंय, म्हणून तुला उठवतोय. (बाबा)

१.१५. उठवलंत ते बरं केलंत. मला झोप मोडल्याचं काही नाही, सोफ्यावर डोळा लागला तर तिचा श्वास कोंडू शकतो. पाजली, डावीकडे १२ मिनिटं. तुम्ही झोपा, दोनची वाट बघू नका. (आई)

३.५०. उजवीकडे २०. शू.

५.४०. डावीकडे १५. शू, शी. आजी आल्या. "झोप माय, मी शे आठे," म्हणाल्या आणि तिला घेऊन गेल्या.

*बाबा आईला:* रात्री काही खाल्लं का?
*आई:* डिंकाचा लाडू आणि कोमट पाणी. पाजताना फार तहान लागते, तांब्या उशाशी ठेवा म्हणजे झालं. सलग झोप साडेतीन तास. मन: बरं.
*आई बाबांना:* तुम्ही?
*बाबा:* चार तास. डोकं जड आहे, पण कामाला जाता येईल.

बुधवार, ७ जानेवारी

दिवसाचं: पाच ते नऊ संध्याकाळी जवळजवळ सलग पिते. सोडते, रडते, परत धरते. सासूबाईंना वाटलं दूध कमी पडतंय, त्या बाळघुटी करायला उठल्या. मी त्यांच्याजवळ बसून दिवसभराच्या नोंदी दाखवल्या: कालपासून शू सात, शी चार. सहाच्या वर शू होत असतील आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बाळं अशी जास्त जास्त मागतात, तेवढंच दूध वाढतं. सहा महिने घुटी नाही, पाणी नाही, मध तर नाहीच. वर्षाच्या आत मधातून जंतूंचं विष होऊ शकतं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मग मी तुझ्यासाठी हळिवाची खीर करते. हे फार आवडलं मला. त्यांच्या हातांना काहीतरी करायचं होतं.

शेगडीचं: अंघोळीनंतरचा शेक त्यांना हवाच आहे. ठरलं असं की शेक मला, ओसरीवर, दारं उघडी ठेवून. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही, धुरी बाळाजवळ नाही. कोळशाचा जो वायू होतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातं. ऊब पाहिजे तर खिडक्यांच्या फटींना कापड लावू.

रात्र:

९.३०. शेवटची पाजणी, दोन्हीकडे. लगेच झोपली. (आई)

११.५०. वाटीतलं दूध ५५ मिली. शू. उचकी लागली, काही केलं नाही, पाच मिनिटांत थांबली. (बाबा)

१२ वाजून गेल्यावर वाटी धुऊन उकळत्या पाण्यात ठेवली.

२.०५. भुकेली. तिला तुझ्याजवळ आणून ठेवली, तू अर्धवट झोपेतच घेतलीस. ढेकर मी काढली. वाटणीप्रमाणे आता तुझी वेळ आहे, पण मला जाग आहे, म्हणून तीनपर्यंत मीच. (बाबा)

४.३०. डावीकडे १५, उजवीकडे ५. शू, शी. (आई)

६.१०. आजींकडे.

*बाबा आईला:* काल संध्याकाळी तू स्वयंपाकघरात उभी राहून रडत होतीस. मी तेव्हा काही बोललो नाही, आजी होत्या. इथे विचारतो. मन कसं आहे?
*आई:* आज नको.
*बाबा:* बरं. उद्या परत विचारीन. दूध, कपडे, पाहुणे यातलं जे नको असेल ते फक्त बोट दाखव.

गुरुवार, ८ जानेवारी

आशाताई आल्या होत्या, एकविसाव्या दिवसाची भेट. वजन ३ किलो ५० ग्रॅम. आठवड्यात १९० ग्रॅम! नाळेची जागा कोरडी, डोळे स्वच्छ, ताप नाही. माता-बाल कार्डावर लिहून दिलं. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू ठेवायचे, रोज ४०० युनिट, डॉक्टरांनी दिलेल्या ड्रॉपरच्या खुणेपर्यंत. काजळ नको म्हणाल्या, सासूबाईंसमोरच, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही. पुढची भेट अठ्ठाविसाव्या दिवशी.

कालच्या प्रश्नाचं उत्तर लिहिते.

संध्याकाळ झाली की रडू येतं. कारण काही नसतं. पहिल्या आठवड्यात आलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, होतं असं, आणि खरंच बऱ्याच जणींना होतं. पण ते दोन आठवड्यांत ओसरायला हवं, आणि मला आज तीन आठवडे झाले. ती झोपली तरी मला झोप लागत नाही, ती श्वास घेतेय का ते बघत बसते. तिच्यावर माया आहे, खूप आहे. स्वतःला किंवा तिला काही करावं असं मनात आलेलं नाही. हे मी आशाताईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या डॉक्टरांना सांगा, वाट बघू नका. माझं रक्तही तपासायला सांगितलं, बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन खाली गेलं की असं गळून जायला होतं. (आई)

*बाबा:* वाचलं. उद्याची सकाळ मी सुट्टी घेतो, दवाखान्यात आपण दोघं जाऊ. छकुलीलाही नेऊ, पाजायची वेळ झाली तर तिथेच. तू हे लिहिलंस ते मला हवं होतं. रात्री-अपरात्री अवघड झालं तर मला उठव. मी नसेन तेव्हा १४४१६ वर फोन, टेली-मानस, चोवीस तास चालू असतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

रात्र: ९.०० दोन्हीकडे. ११.२० वाटी, ५० मिली. १.४० उजवीकडे १५. ४.१५ डावीकडे २०. ५.५० दोन्हीकडे. शू पाच, शी दोन. आई आज आतल्या खोलीत झोपली. पाजायला मी छकुलीला तिच्याकडे नेली आणि लगेच परत आणली. ती बाहेर असली की आई तिच्या श्वासाकडे कान लावून पडत नाही. पहाटेपर्यंत मी जागा, आजींनी चारला चहा दिला. (बाबा)

*आई बाबांना:* तुमचं मन कसं आहे? तुम्हाला कोणी विचारत नाही.
*बाबा:* भीती वाटते कधी कधी. तुझ्याजवळ बोललो की कमी होते. सलग झोप दोन तास, म्हणून आजच्या रात्रीसाठी आधीच भाऊला बोलावलंय, तो ९ ते १२ बसेल. त्याला वही दाखवली, वाटी-चमचा शिकवला.

शुक्रवार, ९ जानेवारी

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले, मी जसं आहे तसं उत्तर दिलं. म्हणाल्या, लवकर आलात. आठवड्यातून एकदा भेटायचं, दिवसा एक झोप ठरलेल्या वेळी, त्या वेळी पाळणा माझ्याकडे नको. गरज वाटली तर पाजताना चालतील अशी औषधं आहेत, पण ते पुढच्या भेटीत ठरवू. हिमोग्लोबिन ९.४. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या, त्यात बदल केला. गोळी जेवणानंतर चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर.

बाळासाठी त्यांनी हेही लिहून दिलं, पाळण्याच्या भिंतीवर चिकटवलंय: काखेत ताप ३८ अंश म्हणजे १००.४ किंवा जास्त, दूध ओढत नाही, उठवूनही जागी होत नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, ओठ निळसर, दिवसात शू फार कमी. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, घरचा काढा नाही, १०८ ला फोन.

नवीन वाटणी, आजपासून:

दुपारी १ ते ३.३० आई झोपेल, सासूबाई पाळण्याजवळ. रात्री ९ ते १२ बाबा किंवा भाऊ, १२ ते ३ बाबा, ३ ते ६ आई. संध्याकाळी सहा ते आठ स्वयंपाक बाबा आणि आजी. त्या वेळी मी फक्त छकुलीला घेऊन गच्चीवर बसणार, पाहुणे आले तरी. (आई)

९.२०. दोन्हीकडे, २५ मिनिटं. शू. पाळण्यात, उताणी. भाऊ आलेत, मी जाते झोपायला. (आई)

११.४५. काकाच्या हातून ५० मिली, न सांडता. ढेकर आली. उद्या दीड महिन्याच्या लसींची तारीख, २९ जानेवारी, कॅलेंडरवर लाल शाईने करतो. (बाबा)