तंबोरा, आणि त्याच्या आतला दोरा

चार तारांचा तंबोरा, मिरज, साधारण १९५०
वाळवलेला कडू भोपळा, तुणीचं लाकूड, हाडाची घोडी, पोलादी आणि पितळी तारा, सुती दोरा
मिरजेतल्या गाणं शिकवणाऱ्या एका घराकडून भेट

लोकांची नजर पहिल्यांदा भोपळ्यावर जाते, पण तुम्ही जरा खाली वाका आणि तबलीवरची, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीवरची, चपटी घोडी बघा, तारा तिच्यावरूनच जातात. प्रत्येक तारेखाली बारीक दोरा अडकवलेला दिसेल, त्याला जीव म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. घोडीचा माथा सपाट वाटतो पण त्याला हलकासा उतार असतो, तार हलली की त्या उतारावर घासत घासत जाते आणि दोरा एका ठराविक जागी आला की साधा 'टण्ण' आवाज उघडतो, त्यातून एकाच वेळी बरेच स्वर गुंजायला लागतात. दोरा केसभर सरकला तरी गुंजन गेलं! घोडी घासून असा आवाज आणण्याला जव्हारी काढणं म्हणतात, आणि ते काम कारागीर कानाने करतो, थोडं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं.

मिरजेत हे काम १९व्या शतकापासून चाललंय. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं तसं ही घराणी वाद्यांकडे वळली, अशी परंपरा सांगतात. आम्हाला वाटतं ते पटण्यासारखं आहे, कारण कुठे किती घासायचं आणि कुठे थांबायचं हे त्या हातांना आधीच माहीत होतं.

भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मोठा, गोल, जाड सालीचा भोपळा मिळाला की निम्मं काम झालं.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे आजही गाणं होतं. ज्या गावात गाणारे आणि वाद्य बनवणारे हाकेच्या अंतरावर राहतात तिथे जव्हारी बिघडली तर दुपारपर्यंत दुरुस्त होऊन येते. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता तबलीच्या डाव्या कडेला बघा, फिकट रंगाची पट्टी दिसेल. तिथे लाकूड तडकलं होतं. घरातल्यांनी नवीन तंबोरा घेतला नाही, हाच परत परत दुरुस्त करून घेतला आणि पन्नासेक वर्षं मुलं याच्याच सुरात गायला शिकली. खुंटीजवळ दांडीचं पॉलिश गेलंय बघा, ती गाणाऱ्यांच्या बोटांची जागा आहे.

तारा लावण्याचा क्रम: पंचम, मग जोडीच्या दोन षड्जाच्या, शेवटची पितळी खर्जाची.

हात लावू नका, दोरा सरकतो. बाजूचं बटण दाबा, आधी दोरा काढून आणि मग दोरा घालून, दोन्ही आवाज ऐकू येतील.