शैव, वैष्णव, शाक्त: श्रद्धा आणि उपासना एका नजरेत

इयत्ता नववी, इतिहास वर्गाचा भित्तितक्ता, ठाणे

आधी हे वाचा. तक्त्याची पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. विश्वाच्या मुळाशी कोण आहे, या प्रश्नाला तीन परंपरा तीन उत्तरे देतात आणि पूजेतले बरेचसे फरक त्या उत्तरांतून निघतात. शैव माणूस सहसा विष्णूला नाकारत नाही. विष्णूच्याही मुळाशी शिवच आहे, असे तो मानतो. वैष्णव आणि शाक्तही आपापल्या दैवताबद्दल असेच म्हणतात. म्हणून उत्तरपत्रिकेत ‘शैव लोक विष्णूला मानत नाहीत’ असे वाक्य लिहू नका.

| | शैव | वैष्णव | शाक्त |
|---|---|---|---|
| परमतत्त्व | शिव | विष्णू. काही पंथांत कृष्ण किंवा राम | देवी, म्हणजेच आदिशक्ती. तिच्याशिवाय शिवही काही करू शकत नाही |
| देवाचे रूप | योगी, संहारकर्ता, नटराज. मुख्यतः लिंगरूपात पूजा | पालनकर्ता. धर्मरक्षणासाठी अवतार घेतो, दशावतार प्रसिद्ध | आई, आणि रणात उतरणारी महिषासुरमर्दिनीही. दुर्गा, काली, लक्ष्मी, सरस्वती ही तिचीच रूपे |
| मुक्ती | शिवाशी एकरूप होणे किंवा त्याचे सान्निध्य | वैकुंठात देवाची अखंड सेवा. वारकरी संतांना मुक्तीपेक्षा भक्ती गोड | शिव-शक्तीच्या ऐक्याचे ज्ञान. संसारातले सुखही देवीचेच देणे |
| मुख्य मार्ग | योग, वैराग्य, भक्ती | भक्ती, नामस्मरण, शरणागती | मंत्र, यंत्र, तंत्र, भक्ती |
| ग्रंथ | शैवागम, शिवपुराण | भगवद्गीता, भागवत, विष्णुपुराण | देवीमाहात्म्य (सप्तशती), देवीभागवत |
| पूजेत | जल-दुधाचा अभिषेक, बेल, भस्म | तुळस, चंदन, शाळिग्राम, भजन-कीर्तन | हळद-कुंकू, खणा-नारळाची ओटी, श्रीयंत्र |
| अंगावरची खूण | कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष | कपाळावर उभा टिळा, गळ्यात तुळशीची माळ | कुंकवाचा मळवट. देवीच्या भुत्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ |
| व्रत, सण | सोमवार, प्रदोष, महाशिवरात्र | एकादशी, रामनवमी, गोकुळाष्टमी | मंगळवार, शुक्रवार, नवरात्र |
| तीर्थे | १२ ज्योतिर्लिंगे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर | पंढरपूर, तिरुपती, मथुरा, द्वारका, पुरी | कामाख्या. महाराष्ट्रात साडेतीन पीठे |

पूजेतल्या काही खुणा, मंदिरात गेल्यावर पाहण्यासाठी

शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. शाळुंकेवरचे अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जाते, ती ओलांडायची नाही म्हणून तिथून मागे फिरतात. विष्णूच्या आणि देवीच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा होते. तुळस नेहमी विष्णूला आणि बेल शंकराला; पण कार्तिक शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीला, अनेक ठिकाणी विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात. हरिहर भेटीचा हा दिवस.

नैवेद्यातही फरक आहे. वैष्णव पंथ शाकाहाराबाबत बहुधा काटेकोर असतात. देवीच्या काही स्थानांवर पशुबळीची प्रथा आहे, तर काही ठिकाणी त्याऐवजी कोहळा कापतात. एकाच पद्धतीवरून सगळ्या शाक्त परंपरेबद्दल मत बनवू नये.

प्रत्येक रकान्याच्या आतही फरक आहेत

तक्त्यात जागा कमी, म्हणून एकेका शब्दात उरकावे लागले. प्रत्यक्षात काश्मीरचे शैव तत्त्वज्ञ जीव आणि शिव एकच मानतात, तर तमिळनाडूतला शैवसिद्धान्त देव, जीव आणि जीवाला बांधणारा पाश असे तीन वेगळे पदार्थ मानतो. वैष्णवांत रामानुजाचार्यांचा विशिष्टाद्वैत आणि मध्वाचार्यांचा द्वैत यांत जीव-देव नात्यावरून मोठा वाद झाला. बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांच्या परंपरेत भक्त इष्टलिंग अंगावर धारण करतो आणि तळहातावर ठेवून त्याची पूजा करतो. देवळाची त्याला गरजच उरत नाही. चक्रधर स्वामींचा महानुभाव पंथ कृष्णाला परमेश्वराचा अवतार मानतो, पण वारकऱ्यांसारखी विठ्ठलाची उपासना करत नाही.

महाराष्ट्रात रकाने एकमेकांत मिसळतात

मला या तक्त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे. वारकरी संप्रदाय वैष्णव, पण ज्ञानेश्वरांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ नाथपंथी गहिनीनाथांचे शिष्य, आणि नाथपंथाचा आदिगुरू शिव. विठ्ठलाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, असे वारकरी मानतात. नरहरी सोनारांची कथा तुम्ही ऐकली असेल. ते पंढरपुरात राहूनही कट्टर शिवभक्त. विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायचा होता, पण माप काही केल्या जुळेना. शेवटी विठ्ठलाचे दर्शन नको म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून ते माप घ्यायला गेले. हाताला शंकराची मूर्ती लागली. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. ही कथा इतिहासाचा पुरावा नाही, पण भक्तांना दोन देवांत भेद का वाटला नाही, ते ती नेमके सांगते.

देवीचेही तसेच. साडेतीन पीठे म्हणजे कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि अर्धे पीठ वणीची सप्तशृंगी. या देवी असंख्य घरांच्या कुलस्वामिनी आहेत. त्याच घरांतून आषाढीला कोणी पंढरीला जाते आणि श्रावणी सोमवारी कोणी उपास धरते. लग्नानंतर गोंधळ घालतात तो देवीसाठी. संबळ वाजते, दिवटी पेटते. ठाण्या-नवी मुंबईतली आगरी-कोळी घरे चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला जातात. त्यांच्यापैकी कोणाला ‘तुम्ही शाक्त का?’ विचाराल तर बहुधा उत्तर येईल, ‘ती आमची आई आहे.’ आपल्याकडचे बरेच देवीभक्त स्वतःला शाक्त म्हणवत नाहीत. हा शब्द अभ्यासकांच्या सोयीचा आहे.

खंडोबा कुठल्या रकान्यात? शैव, तो शिवाचा अवतार मानला जातो, आणि त्याला भंडारा म्हणजे हळद उधळतात. गणपतीचे उपासक ते गाणपत्य, त्यांचा तक्ता वेगळा करू. स्मार्त घरांत शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती हे पाचही एकाच देव्हाऱ्यात पुजतात. त्याला पंचायतन म्हणतात.

आपल्या आसपास

शैव: तलावपाळीजवळचे कौपिनेश्वर मंदिर. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ आहे. गाभारा सभामंडपाच्या बराच खाली, पायऱ्या उतरून जावे लागते. वैष्णव: खारघरचे राधा-कृष्णाचे इस्कॉन मंदिर, २०२५ साली उघडलेले. शाक्त: नौपाड्यातली घंटाळी देवी आणि नवरात्रातली टेंभीनाक्याची देवी.

घरून करून आणायचे (शुक्रवारपर्यंत)

आजी-आजोबांना किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा: आपले कुलदैवत कोण, कुलस्वामिनी कोण, घरात कोणता उपास कोण धरते, देवाला काय वाहतात. उत्तरे वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे तक्त्यातला रकाना लिहा. एकापेक्षा जास्त रकाने लागले तर सगळे लिहा. ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नाही, ज्यांची श्रद्धा वेगळ्या धर्माची आहे किंवा ज्यांना घरचे सांगायचे नाही, त्यांनी वरच्या यादीतल्या एका मंदिराची माहिती लिहावी, गुण सारखेच.