पाडव्यापासून जिम सुरू करायची आहे? पहिल्यांदाच येताय? या.

कोथरूड, कर्वे पुतळ्याजवळ. ऑफर १९ ते ३१ मार्च २०२६.

"आधी थोडं वजन उतरवतो, मग जिमला येतो" असं बरेच जण म्हणतात. तसं काही लागत नाही. आज आहात तसेच या. जिना चढताना धाप लागते, गुडघे कुरकुरतात, डंबेल कधी हातात धरलेलं नाही, सगळं चालेल. पहिले दोन आठवडे ट्रेनर तुमच्यासोबत असतील. मशीनची सीट कशी लावायची इथपासून शिकवतील, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वजनकाट्यावर उभं राहायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. तुमचा फोटो विचारल्याशिवाय काढणार नाही, आणि कुणाच्या शरीरावर शेरे मारलेले इथे खपवून घेतले जात नाहीत. साधा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि स्वच्छ बूट पुरे.

💰 फी (जीएसटी धरून, प्रवेश फी नाही)
१ महिना: ₹१,५००
३ महिने: ₹३,९०० ऐवजी ₹३,३००
६ महिने: ₹६,९०० ऐवजी ₹५,७००
१ वर्ष: ₹१२,००० ऐवजी ₹९,९००

वर्षाची फी दोन हप्त्यांत चालेल, रक्कम तीच. पर्सनल ट्रेनिंग महिना ₹४,०००, हवं असेल तरच. नवीन असाल तर आमचं मत: थेट वर्षाचं घेऊ नका, ३ महिन्यांपासून सुरुवात करा.

📅 मुदत
ज्या दिवशी पहिल्यांदा याल, त्या दिवसापासून मोजणार. मात्र १५ एप्रिलपर्यंत आला नाहीत, तर १५ एप्रिलपासून मोजणी सुरू होईल. मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पहिल्या ७ दिवसांत जमत नाहीसं वाटलं, तर आलेल्या दिवसांचे रोज ₹१०० वजा करून बाकी पैसे परत.

⏸️ फ्रीज
मे महिन्यात गावी जाणं, घरातलं लग्न, परीक्षा, आजारपण, हे होणारच. म्हणून मेंबरशिप काही दिवस थांबवायला, म्हणजे फ्रीजला, पैसे नाहीत आणि कारणही विचारत नाही.
३ महिने: एकदा, १५ दिवसांपर्यंत
६ महिने: दोनदा, मिळून ३० दिवस
१ वर्ष: तीनदा, मिळून ६० दिवस
१ महिन्याच्या मेंबरशिपला फ्रीज नाही.
एका वेळी किमान ७ दिवस. आदल्या दिवशी मेसेज करा, तेवढे दिवस मुदतीत वाढतील. होऊन गेलेल्या सुट्ट्या मागाहून धरत नाही. अपघात किंवा अचानक दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर डॉक्टरांचा कागद दाखवा, ते दिवस नक्की धरू.

बीपी, हृदयविकार, शुगर किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारून या आणि ट्रेनरना पहिल्याच दिवशी सांगा. गरोदर असाल तरीही तसंच.

🕕 सोम ते शनि, सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ४.३० ते ९.३०. फक्त महिलांसाठी ११ ते १. गर्दी नको असेल, तर संध्याकाळी ६ च्या आत या.

एक दिवस येऊन बघा, ट्रायल मोफत. "ट्रायल" असा मेसेज पाठवा, वेळ ठरवू.