पाच किलोमीटर, सगळ्यात मागून

फोटोतली लालबुंद तोंडाची बाई मीच. ओढणी कमरेला खोचलेली, टिकली सरकून भुवईवर आलेली. पायातले बूट माझेच आहेत, पोराचे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळ्या बाया पहिल्यांदा तेच विचारणार.

आज सकाळी लातूरच्या मैदानावर कुठंही न थांबता पाच किलोमीटर पळाले. 47 मिनिटं लागली. माझ्या पुढं किती जण होते ते मोजलं नाही, मागं मात्र कुणीच नव्हतं. फोटो टाकावा की नाही यावर कालपासून घरात चर्चा चालू होती. "टाका काकू, अजून चार जणी तरी उठतील," असं मेसच्या पोरी म्हणाल्या. म्हणून टाकला. तेव्हा अभिनंदन कमी करा आणि खालचं सगळं वाचा. हे उठायचं मनात असून न उठलेल्या बायांसाठी लिहिलंय.

मला ओळखत नसाल तर सांगते. माझी मेस आहे. अकरावी-बारावीची, नीटची तयारी करणारी पोरं आणि पोलीस भरतीच्या पोरी जेवायला असतात. दिवसभर उभं राहायचं, शंभरावर भाकरी-पोळ्या, मग डबे. माझ्यासारखीला कुणी व्यायाम कर म्हटलं की राग येतो. दिवसभर काय झोपलेली असते का मी? पण डॉक्टरांनी नीट समजावलं. ओट्यापाशी उभं राहून पाय दुखतात, कंबर धरते, पण काळजाला आणि फुप्फुसाला त्यात फारसं काम पडत नाही. दमणं वेगळं आणि दम वाढणं वेगळं.

डॉक्टरांकडं गेले होते साखरेमुळं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते ना, एचबीए१सी, त्यात 6.2 आलं. साडेसहापासून मधुमेह धरतात आणि 5.7 पासून इशारा. म्हणजे मी कुंपणावर. आमच्या घरात आईला साखर, मोठ्या भावाला साखर, त्यामुळं पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, कुंपणावरून अलीकडंही उतरता येतं." रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, जरा श्वास वाढेल असं चाला. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्याला कमीत कमी 150 मिनिटं सांगते, हिशोब तोच. पायाचे स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर खेचून घेतात, म्हणून जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तरी फरक पडतो. हे मला फार आवडलं. दहा मिनिटं तर माझ्याकडं सुद्धा होती.

चालण्याचं पळणं झालं ते भरतीच्या पोरींमुळं. त्यांना मैदानी चाचणीत 800 मीटर पळावं लागतं, 100 मीटर आणि गोळाफेक वेगळी. पहाटे पाचला निघतात. औसा, निलंगा, अहमदपूरकडच्या पोरी, कुणाच्या बापाची दोन एकर कोरडवाहू, कुणाची आई दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाते. त्यातली एक मला एकटीला चालताना बघून म्हणाली, "काकू, एक खांब चाला, एक खांब पळा." एवढंच. मैदानाबाहेरच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालत दम घ्यायचा. घड्याळ नको, मोबाईल नको. थोड्या दिवसांनी दोन खांब पळ, एक खांब चाल.

आणि तिनंच दुसरी गोष्ट सांगितली, जी मी आता भेटेल त्या बाईला सांगते. "बोलत बोलत पळा. बोलता येईना गेलं की समजायचं, जोर जास्त झाला." खरंच सांगते, सगळं गणित इथंच आहे. आपल्याला पळणं म्हटलं की शाळेतली शर्यत आठवते. जीव खाऊन धावायचं, शंभर पावलांत धाप, पोटात कळ, आणि मग "आपल्याच्यानं नाही होत बाई" म्हणून घरी. होतं की! फक्त इतकं हळू पळायचं की शेजारून चालणारा माणूस पुढं गेला पाहिजे. माझ्या पुढून काठी टेकत फिरणारे एक आजोबा गेलेत. जाता जाता "चालू द्या, चालू द्या" म्हणाले वर. त्या वेगानं शरीराला सवय लागते. श्वास, पोटऱ्या, गुडघे सगळे आपापल्या वेळेनं तयार होतात, आणि गुडघ्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो.

गुडघ्यांचं विचारणाऱ्या बायांसाठी: नुसतं पळू नका, मांड्या मजबूत करा. खुर्चीवर बसायचं, हाताचा आधार न घेता उठायचं, परत बसायचं. मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हे करते. आठवड्यात दोन दिवस तरी करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात, जिना उतरताना आई आठवते, ते आपोआप जातं. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, सूज आली किंवा छातीत दाटलं, चक्कर आली, तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी विचारूनच सुरू करा. आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या गं. आपल्याकडं निम्म्या बायांना वाटतं आपण आळशी झालोय, आणि अंगात रक्तच नसतं.

आता लोकांचं. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आता या वयात पळून कुठं जायलीस?" मी म्हटलं, मैदानापर्यंत आणि परत. हसल्या. आज त्याच पोह्यांची फोडणी घालतात म्हणून मी सहाच्या आत परत आले नाही तरी मेस चालते. बाईचा व्यायाम तिच्या एकटीच्या जिद्दीवर चालतो असं मला नाही वाटत, घरातलं कुणी तरी एक काम उचलावं लागतं. घरातल्या पुरुषांनी हे वाचलं तर बरं होईल, नुसता अंगठा दाखवून पुढं जाऊ नका. मोटारसायकलवरची पोरं "मावशी, बस सुटली का?" असं ओरडतात. थोडे दिवस ओरडतात, मग त्यांनाही कंटाळा येतो.

आजच्या पळण्याचं सांगायचं तर चकरा 400 मीटरच्या, म्हणजे साडेबारा. मला आकडा लक्षात राहात नाही, म्हणून ड्रेसला शिवून घेतलेल्या डाव्या खिशात बारा चिंचोके टाकले होते. एक चक्कर झाली की एक उजव्या खिशात. सातव्या चक्करीला घामानं हात इतका ओला होता की चिंचोका निसटून खाली पडला. वाकून उचलला असता तर परत उठून पळण्याची खात्री नव्हती, म्हणून मागून येणाऱ्या पोरीला ओरडून सांगितलं, "तो माझा सातवा आहे!" तिनं पळत पळत आणून दिला. नवव्या-दहाव्याला वाटलं आता बास, एवढंही पुष्कळ झालं. तेव्हा तीच पोरगी शेजारी आली आणि विचारलं, "काकू, येसर आमटीत तुम्ही काय काय घालता?" तिला रेसिपी नको होती, माझा दम बघायचा होता. धने, खोबरं, बाजरी, डाळी काय काय भाजायचं ते सांगता सांगता दोन चकरा निघून गेल्या.

आपल्या मराठवाड्याचे अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, त्यांनी 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत संपवली. वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. तेवढ्या वेळात माझ्या दोन चकरा होऊन तिसरी नुकतीच सुरू होते, तीही सपाट मातीवर. मेसमध्ये हा हिशोब मांडला तेव्हा पोरं जेवता जेवता ठसकली. मलाही हसू आलं. पण मैदान त्यांना जेवढं लागतं तेवढंच मला लागतं, यात लाजायचं काय?

फरक काय पडला, हे विचारणार तुम्ही. वजन फार हललेलं नाही, खरं सांगते. भाकरी मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही, फक्त ताटात ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि डाळ आधी, भात मागून आणि थोडा. साखरेचा आकडा 6.2 वरून 5.8 वर आलाय. म्हणजे अजून कुंपणावरच आहे, पण अलीकडच्या बाजूला झुकले. दर आठवड्याला तपासायला धावू नका, तो आकडा दोन-तीन महिन्यांचा असतो, आठवड्यात काही कळत नाही. झोप मात्र लगेच सुधारली. जिने चढून वरच्या खोल्यांत डबे देताना मधे टेकावं लागत नाही. आणि संध्याकाळी पोरांवर ओरडणं कमी झालंय, असं पोरंच म्हणतात.

तर ज्यांना यायचंय त्यांनी या. उद्यापासून पहाटे सव्वापाचला मी मैदानाच्या मोठ्या फाटकापाशी असते, सोबत दोन-तीन भरतीच्या पोरी असतात, त्यामुळं अंधाराची भीती नको. रविवारी मेसला एकच वेळचं जेवण असतं, त्या दिवशी सहाला. साडी, पंजाबी ड्रेस, जे अंगावर नीट बसतं ते घाला. महागाचे बूट नकोत, पण चप्पल घालून पळू नका, मागून पकडणारे आणि अंगठ्यापुढं थोडी जागा असणारे साधे बूट पुरतात. रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर मूठभर शेंगदाणे किंवा अर्धं केळं खाऊन या. उन्हाळ्यात आपल्याकडं आठलाच चटका बसतो, पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून उशिरा उठून भर उन्हात येऊ नका, त्यापेक्षा त्या दिवशी घरात चाला. पाण्याची बाटली आपापली आणा.

पहिला आठवडा पळायचं नाही, नुसतं चालायचं आणि गप्पा मारायच्या. येणाऱ्यांनी खाली "येते" एवढंच लिहा, म्हणजे कुणासाठी थांबायचं ते मला कळेल.

#हळूपळा #एकखांबचालएकखांबपळ #लातूर #मराठवाडा