सत्तावीस टक्के

गोव्यातल्या साखळीत सकाळपासून पाऊस कोसळत होता. दहाच्या ऑनलाइन पेपरला चौदा मिनिटं उरली असताना सायलीचा लॅपटॉप अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट झाला आणि निळ्या पडद्यावर गोल गोल ठिपके फिरू लागले: 27% complete. Don't turn off your computer.

"बटण दाबून बंद कर, बाय, परत चालू कर," बाबा म्हणाले.

"नको! मध्येच बंद केला तर उघडायचाच नाही."

सत्तावीसचे अठ्ठावीस व्हायला दोन मिनिटं गेली. तिचे हात गार पडले होते. वर्षभर पहाटे उठून केलेला अभ्यास एका आकड्यापाशी अडकला होता. तिने मॅडमना फोन लावला.

"दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवरून लॉगिन कर. दहा वाजून दहापर्यंत आत घेते. ओळखपत्र जवळ ठेव."

आईने तोवर पलीकडच्या काकूंना हाक मारलीच होती. सायली ओळखपत्र पदराखाली धरलेल्या आईबरोबर अंगणातून धावली. काकूंच्या मुलाने आपलं काम तसंच सोडून खुर्ची रिकामी केली होती.

"चार्जर लावलाय. वायफायचा पासवर्ड घालायची गरज नाही. बस."

पेपरच्या लॉगिनचा पासवर्ड पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा लागला. कॅमेऱ्यात तिचा भिजलेला चेहरा आला, मॅडमनी ओळखपत्र पाहिलं. घड्याळात दहा वाजून सात झाले होते.

काकूंनी मिक्सर बंद केला. सायलीने पहिला प्रश्न वाचला. येत होता.