सहायक ग्रंथपाल पदाच्या अर्जाचा शेवटचा परिच्छेद

आपण हा अर्ज इथपर्यंत वाचलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. कार्यकारी मंडळाचे सदस्य आपापला नोकरीधंदा आटोपून, संध्याकाळी एकत्र बसून असे अर्ज पाहतात, हे आमच्या वाचनालयात मी दरवेळी पाहते. म्हणून माझ्या या दोन पानांना दिलेल्या वेळेची मला जाणीव आहे. वर लिहिलेल्या कामाबद्दल समक्ष बोलावे असे आपणांस वाटल्यास मुलाखतीसाठी यायला मला आनंद होईल. आमचे वाचनालय सोमवारी बंद असते, त्यामुळे कोणत्याही सोमवारी मी दिवसभर मोकळी आहे. इतर वारी देवघेव सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ अशी चालते. पाटणहून एसटीने निघून दुपारी १ ते ३ या वेळेत मी कराडला येऊ शकते. आपणांस सकाळच सोयीची असेल, तर दोन दिवस आधी समजले तरी पुरे, देवघेव खिडकीवर बदली व्यवस्था लावून येईन. मार्चचा शेवटचा आठवडा मात्र पडताळणीचा आहे. एकेक कपाट रिकामे करून प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीशी ताडून पाहायचे असते, आणि ते काम मधेच सोडून येणे मला योग्य वाटत नाही. मुलाखती त्याच आठवड्यात ठरल्या, तर दुपारी व्हिडिओ कॉलवर बोलता येईल. येताना मूळ प्रमाणपत्रांबरोबर बालविभागासाठी मी तयार केलेली काही तालिकापत्रे आणि दुरुस्त केलेला एक कथासंग्रह आणीन. त्याची शिवण उसवून पाने सुटी झाली होती. ती पुन्हा शिवली, कण्याला खळीने कापडी पट्टी लावली आणि वर ८९१.४६ हा वर्गांक नव्याने लिहिला. आता तो पुन्हा घरोघरी जातो आहे. जाहिरातीत आपण पुस्तकांची निगा आणि बालवाचक या दोन्हींचा मुद्दाम उल्लेख केला आहे, आणि मला याच दोन कामांविषयी सर्वांत अधिक बोलायचे आहे. निवड झाल्यास सध्याच्या मंडळाला एक महिन्याची पूर्वसूचना देऊन रुजू होईन. तसे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. माझा पत्ता आणि मोबाइल क्रमांक पहिल्या पानावर आहेत. सकाळी ११ नंतर फोन लगेच घेता येतो. त्याआधी आल्यास खिडकीवरचे सभासद आटोपताच मी उलट फोन करीन.